मुद्रकाचे नाव नसलेला प्रचार



निवडणुकीच्या दिवसांत पारोळ्यातल्या एखाद्या छापखान्यात कुणी प्रचाराचे पत्रक छापायला घेऊन आले, तर छापखान्याच्या मालकाला यंत्र सुरू करण्याआधी काही कागद मागावे लागतात. पत्रक प्रसिद्ध करणाऱ्याने आपण कोण हे लेखी सांगायचे, त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांनी त्यावर साक्षीच्या सह्या करायच्या आणि त्या निवेदनाच्या दोन प्रती मुद्रकाकडे द्यायच्या. छापून झाल्यावर त्यातली एक प्रत, पत्रकासह, मुद्रकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले हेही आयोगाने ठरवून दिलेल्या नमुन्यात कळवायचे. पत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक या दोघांची नावे व पत्ते हवेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे हे कलम 127अ 1961 साली घातले गेले. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा आज हास्यास्पद वाटतो, पण कलमामागचा विचार मोठा शहाणपणाचा आहे. पत्रकातला मजकूर खरा की खोटा, असे हे कलम विचारतच नाही. बोलणारा कोण, छापणारा कोण, प्रती किती आणि त्यातली एक सरकारी दप्तरात पोचली का, एवढेच ते विचारते. मजकुराचा निकाल लावण्याचे काम ते वाचणाऱ्यांवर, विरोधकांवर आणि गरज पडलीच तर कोर्टावर सोडते.

आज माझ्यासमोरचा विषय आहे मतदार वेचून केलेला प्रचार आणि यंत्राने घडवलेले बनावट आवाज व चित्रे. या विषयावर बोलताना बहुतेक चर्चा तंत्राच्या करामतीत अडकते: नक्कल किती हुबेहूब झाली, ओठ कसे जुळवले, आवाज कसा उचलला. माझे म्हणणे वेगळे आहे. नक्कल हुबेहूब आहे म्हणून ती घातक ठरते असे नाही. तिला पत्ता नसतो, ती उत्तर द्यायला वेळ उरणार नाही अशा घडीला येते आणि ज्याच्याविषयी ती बोलते त्याला ती दिसतही नाही, म्हणून ती घातक ठरते. तसे असेल तर उपायही खऱ्या-खोट्याचा पंच नेमण्यात नाही. पत्रकाला जो नियम लागू आहे तो फोनवरच्या प्रचाराला लावण्यात आहे. हे म्हणणे मी पुराव्यानिशी मांडतो आणि त्यावर येणाऱ्या आक्षेपांनाही उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आपल्याच राज्यातले प्रकरण घेऊ. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान होते. जाहीर प्रचार 18 तारखेच्या संध्याकाळी सहाला संपला. मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचाराला बंदी, असे कलम 126 सांगते. 19 तारखेला एका माजी आयपीएस अधिकाऱ्याने आरोप केला की, 2018 च्या पुण्यातल्या बिटकॉइन फसवणुकीच्या तपासातला पैसा या निवडणुकीत वापरला जात आहे. त्यात खासदार सुप्रिया सुळे आणि काँग्रेसचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले यांची नावे घेतली गेली. त्याच रात्री भारतीय जनता पक्षाने दिल्लीत पत्रकार परिषद घेतली आणि पक्षाच्या अधिकृत खात्यावरून चार ध्वनिफिती प्रसिद्ध झाल्या. सुळे आणि पटोले यांनी आपला आवाज असल्याचे नाकारले, आणि सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे व सायबर पोलिसांकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने फिती ‘ट्रूमीडिया’ या संस्थेच्या साधनातून तपासल्या आणि चारपैकी तीन बनावट असल्याचा निष्कर्ष दिला. मतदानाच्या दिवशी सकाळी अजित पवारांना विचारले तेव्हा ते म्हणाले की दोघांबरोबर आपण काम केले आहे, बोलण्याच्या ढबीवरून आवाज त्यांचाच वाटतो, चौकशी व्हावी.

या प्रकरणातल्या दोन गोष्टींकडे बारकाईने पाहायला हवे. पहिली गोष्ट कानाची. एकाच कुटुंबातली दोन चुलत भावंडे एका आवाजाविषयी परस्परविरोधी बोलत होती. बहीण म्हणते माझा नाही, भाऊ म्हणतो तिचाच वाटतो. यात राजकारण किती आणि कान किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. जन्माची ओळख असलेला कानही जिथे साक्ष म्हणून पुरा पडत नाही, तिथे पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या मतदाराने फोन कानाला लावून निवाडा करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. साधने पुरी पडतात का? तीही अर्धवट. अशी साधने ‘बनावट असण्याची शक्यता इतकी’ असे सांगतात, पक्का दाखला देत नाहीत. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाज आकाराने लहान करण्यासाठी दाबला जातो. त्यात मूळ आवाजातले बारकावे जातात आणि नेमके त्याच बारकाव्यांवर ही साधने विसंबून असतात. शिवाय ती मुख्यतः इंग्रजीसारख्या मोठ्या भाषांवर घडवलेली असतात. अहिराणीत बोलणाऱ्या बनावट आवाजावर त्यांचा निकाल किती भरवशाचा असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. मार्च 2024 मध्ये अशा फिती तपासून देण्यासाठी व्हॉट्सॲपवर एक देशव्यापी मदतसेवा सुरू झाली. सुरुवातीच्या तिच्या भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. मराठी नव्हती. आणि ज्या ट्रूमीडियाच्या साधनाने त्या रात्री निष्कर्ष दिला, ती संस्था दोन महिन्यांच्या आत, जानेवारी 2025 मध्ये, बंद झाली.

दुसरी गोष्ट घड्याळाची. फिती आल्या तेव्हा मतदानाला काही तास उरले होते. सकाळी सातला केंद्रे उघडली. न्यायवैद्यक तपासणीला दिवस लागतात, न्यायालयाला महिने. खोट्याला उत्तर द्यायचे ठरवले तरी ज्याच्यावर आरोप आहे त्याला प्रचारबंदीमुळे सभा घेता येत नाही. म्हणजे मतदाराला शांतपणे विचार करता यावा म्हणून ठेवलेले 48 तास बिनपत्त्याच्या प्रचाराला मोकळे रान देतात. आणि कायद्याची गंमत पाहा. आयोगाच्या ऑक्टोबर 2013 च्या आदेशानुसार समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातीला आधी जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीची मंजुरी लागते. पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीला लागते. पक्षाने किंवा कार्यकर्त्याने आपल्या खात्यावर टाकलेली फीत जाहिरातच धरली जात नाही, तिला मंजुरी लागत नाही. कलम 126 मध्ये चित्रपट, दूरदर्शन ‘किंवा तत्सम उपकरण’ असे शब्द आहेत. ते लिहिले गेले तेव्हा स्मार्टफोन नव्हता. हा गुंता सुटावा म्हणून 2018 मध्ये एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. पुढे मार्च 2019 मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी ऐच्छिक आचारसंहिता स्वीकारली आणि आयोगाने कळवल्यावर प्रचारबंदीतला मजकूर तीन तासांत काढण्याचे कबूल केले. ऐच्छिक हा शब्द लक्षात ठेवा.

हे एका पक्षाचे पाप नाही, हे लगेच सांगितले पाहिजे. 2024 च्या एप्रिलमध्ये आमिर खान यांच्या ‘सत्यमेव जयते’ मालिकेच्या जुन्या चित्रफितीवर बनावट आवाज चढवून ती काँग्रेसच्या बाजूने फिरवली गेली. त्याच महिन्यात अमित शहा यांचे आरक्षणावरचे भाषण कापूनजोडून त्याचा अर्थ उलटा केला गेला आणि त्यावरून दिल्ली पोलिसांनी तेलंगणातल्या काँग्रेसवाल्यांपर्यंत तपास नेला. पण या दोन प्रकरणांत आणि नोव्हेंबरच्या प्रकरणात मोठा फरक आहे. आमिर खान यांनी तातडीने नाकारले, मुंबईत गुन्हा नोंदवला आणि मुंबईचे मतदान तोवर महिनाभर दूर होते. मूळ मालिका सर्वांना माहीत असल्यामुळे बनावट शेजारी ठेवून तुलना करता आली. शहा यांच्या फितीला तर कुठले प्रगत तंत्रही लागले नव्हते, कात्री पुरली. दोन्ही वेळा खोटे उघड्यावर आले आणि उत्तराला वेळ मिळाला. युरोपातही हेच दिसते. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 ला मतदान होते. दोन दिवस आधी, तिथल्याही प्रचारबंदीत, विरोधी नेते मिखाल शिमेच्का आणि एक महिला पत्रकार मते विकत घेण्याविषयी बोलत आहेत अशी बनावट ध्वनिफीत पसरली. आवाज फार सफाईदार होता म्हणून ती गाजली नाही. बंदी असताना आली, माध्यमांना तिच्यावर बोलणे अवघड झाले, म्हणून ती गाजली.

खानदेशाला तर ही गोष्ट परक्या उदाहरणांवरून शिकण्याची गरज नाही. 1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातले राईनपाडा. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्या महिन्यांत देशभर फिरणाऱ्या फितींपैकी एक मूळची कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती, शेवटचा खुलासा कापून टाकलेली. म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती, निवडणूकही नव्हती. होते ते एवढेच: पाठवणारा ओळखीचा, मूळ करणारा अज्ञात, आणि प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळा आलेला एकच संदेश, ज्याला चावडीवर कुणी उभे राहून खोडू शकत नव्हते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे ढकलण्यावर बंधन आणले. एप्रिल 2020 मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी दुरुस्ती केली. कोणता संदेश खरा हे ठरवण्याच्या भानगडीत कंपनी पडली नाही. पसरण्याचा वेग कमी केला आणि ‘पुढे पाठवलेला’ अशी खूण लावली. हा धडा मी पुढे वापरणार आहे.

आता मतदार वेचण्याकडे येतो, कारण बनावट फीत ही नुसती गोळी आहे. नेम धरायची व्यवस्था वेगळी आहे आणि ती पूर्ण देशी आहे. या विषयावर बोलताना लोक केंब्रिज ॲनालिटिकाचे नाव घेतात. फेसबुकने त्या प्रकरणात भारत सरकारला दिलेला आकडा असा होता: भारतात 335 जणांनी त्या प्रकरणातले ॲप घेतले आणि मित्रयादीतले लोक धरून एकूण 5,62,455 लोकांची माहिती गेली असावी. आकडा लहान नाही, पण आपल्या उमेदवाराला अमेरिकेतल्या व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची गरजच पडत नाही. त्याच्या हातात तीन गोष्टी आधीच असतात. एक, मतदार यादी. नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, वय, लिंग, घर क्रमांक. एका पानावर तीस मतदार. त्यावरूनच ‘पन्ना प्रमुख’ नेमले जातात. दोन, नमुना 20. मतमोजणीनंतर प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मते पडली याचा हा तक्ता जाहीर होतो, आणि एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात. तीन, मोबाइल क्रमांक. ते पतपेढीच्या, शाळेच्या, दूधसंघाच्या, शिबिराच्या, योजनेच्या अर्जांच्या याद्यांतून जमा होतात. यादी संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात आयोग देत नाही, पण छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी यंत्रणा स्वस्त आहे आणि निवडणुकीच्या हंगामात ती विकणाऱ्या संस्था गल्लोगल्ली असतात. तीन गोष्टी एकत्र केल्या की आडनावावरून जातीचा अंदाज, वयावरून पिढीचा, घर क्रमांकावरून कुटुंबाचा आणि नमुना 20 वरून त्या गल्लीने मागल्या वेळी काय केले याचा अंदाज येतो. अंदाज अनेकदा चुकतो. तरी संदेश कुणाला पाठवायचा हे ठरवायला तो पुरतो.

याचा उपयोग कसा होतो ते कापसावर पाहू, कारण पारोळा-अमळनेरच्या शेतकऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क काढले आणि सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. शेतकऱ्याला शुल्क हवे, कारण बाहेरचा कापूस स्वस्त आला की त्याचा भाव पडतो. सूतगिरणीला शुल्क नको, कारण तिला कच्चा माल स्वस्त हवा. समजा, त्या सवलतीच्या काळात एका उमेदवाराने पारोळ्याच्या कापूस उत्पादकांच्या क्रमांकांवर ‘शुल्क परत लावून घेतो’ असा त्याच्याच आवाजातला, प्रत्येकाचे नाव घेऊन बोलणारा संदेश पाठवला, आणि सूत-कापडाच्या धंद्यातल्या क्रमांकांवर ‘शुल्क येऊ देणार नाही’ असा दुसरा. दोन्ही आवाज त्याचेच, त्यानेच परवानगी देऊन बनवलेले. यात बनावट काहीच नाही, तरी फसवणूक पूर्ण आहे. सभेत तो असे बोलू शकला नसता, कारण सभेत दोघेही समोर असतात. वेचक प्रचाराचा खरा दोष इथे आहे: तो परस्परविरोधी वचने एकमेकांसमोर येऊ देत नाही. बनावट फितींविरुद्धचे कायदे या प्रकाराला स्पर्शही करणार नाहीत.

आता आक्षेप. पहिला आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो हलका नाही. प्रचाराने मत खरेच बदलते का? जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या 49 प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित विचार केला आणि निष्कर्ष काढला की सार्वत्रिक निवडणुकीत घरभेटी आणि जाहिराती यांचा मतपरिवर्तनावरचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य असतो. केंब्रिज ॲनालिटिकाविषयीही ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी 2020 मध्ये सांगितले की कंपनीच्या पद्धती बऱ्याच अंशी बाजारात सर्रास वापरल्या जाणाऱ्याच होत्या. हे मला मान्य आहे. मतदाराला बावळट समजणारे भाषण मला करायचे नाही. पण सरासरीने निवडणूक लागत नाही, काठावरच्या मतांनी लागते. 2024 च्या लोकसभेला धुळे मतदारसंघात शोभा बच्छाव 3,831 मतांनी निवडून आल्या. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला. 162 मते म्हणजे मतदार यादीची जेमतेम साडेपाच पाने. इतक्या लोकांचे मतपरिवर्तन करावेच लागत नाही. त्यांच्यातल्या काहींना ‘तुमचा उमेदवार बसला’, ‘केंद्र बदलले’, ‘दोघेही सारखेच’ असे सांगून घरी बसवले तरी भागते. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्या बनावट आवाजातले फोन हजारो लोकांना गेले. त्यांत मत कुणाला द्या हे नव्हते. प्राथमिक फेरीत मतदान करू नका, हे होते. त्या प्रकरणात दूरसंचार नियामकाने 60 लाख डॉलरचा दंड ठोठावला. आणि नगरपरिषदेचा विचार केला तर प्रभागातला फरक कधी कधी बोटांवर मोजता येतो.

दुसरा आक्षेप त्याहून गंभीर आहे. बनावट मजकूर काढून टाका असे म्हणणे म्हणजे कुणाच्या तरी हाती कात्री देणे नव्हे का? मला हा आक्षेप पटतो. आयोगाने 6 मे 2024 ला पक्षांना कळवले की बनावट मजकूर लक्षात आणून दिल्यावर तीन तासांत काढा. 24 ऑक्टोबर 2025 च्या सूचनेत आयोगाने सांगितले की यंत्राने घडवलेल्या प्रचारसामग्रीवर ठळक खूण हवी, चित्रावर किमान दहा टक्के जागा व्यापणारी आणि ध्वनिफितीत पहिल्या दहा टक्के वेळात ऐकू येणारी. आणि पक्षाने अशी सामग्री कुणी बनवली याची नोंद ठेवावी. यातल्या नोंदीच्या भागाचे मी स्वागत करतो. खुणेवर माझा मर्यादित विश्वास आहे, कारण प्रामाणिक माणूसच खूण लावतो. काढून टाकण्याच्या भागाची मला चिंता वाटते. तीन तासांत कोणताही पक्ष, किंवा ऐच्छिक संहितेखाली कोणतीही कंपनी, खऱ्या-खोट्याची शहानिशा करू शकत नाही. ती फक्त आदेश पाळते. आदेश देणारा जर सत्तेतला पक्ष किंवा त्याचे खाते असेल, तर व्यंगचित्र, विडंबन आणि खरी पण अडचणीची ध्वनिफीत या तिन्ही गोष्टी ‘बनावट’ म्हणून गायब होतील. खरी फीत बाहेर आली तरी ‘ही यंत्राने केली’ म्हणून हात झटकण्याची सोय आताच पुढाऱ्यांना मिळाली आहे. म्हणूनच मी पुन्हा कलम 127अ कडे वळतो. पत्ता मागा, प्रत ठेवा, वेग कमी करा. मजकूर काढणे हा शेवटचा आणि कोर्टाला उत्तरदायी असा मार्ग असू द्या.

तिसरा आक्षेप मी थोडक्यात घेतो. पुढारी पूर्वीही वेगवेगळ्या वाड्यांत वेगवेगळे बोलत, यात नवे काय? नवे हे की तेव्हा बातमी दुसऱ्या वाडीत पोचत असे, आणि बोलायला माणूस पाठवावा लागत असे. त्या माणसाला लोक ओळखत.

मग नियामकाने करायचे काय? कलम 127अ च्या पोटातच एक वाक्य आहे, जे वकिलांच्याही नजरेतून सुटते: हाताने नक्कल करण्याखेरीज मजकुराच्या प्रती वाढवण्याची कोणतीही प्रक्रिया म्हणजे छपाई समजावी. 1961 च्या मसुदाकारांच्या डोळ्यांसमोर सायक्लोस्टाइल असेल. संसदेने या व्याख्येत ध्वनी, चित्र आणि मोठ्या प्रमाणावर पाठवलेले संदेश स्पष्टपणे आणले, तर निम्मे काम होईल. उमेदवार, पक्ष किंवा त्यांच्या पैशावर चालणारी संस्था एकच संदेश शंभरहून अधिक क्रमांकांवर पाठवणार असेल, तर त्याची प्रत आणि ती कोणत्या गटाला पाठवली याची नोंद जिल्ह्याच्या माध्यम समितीकडे त्याच दिवशी जावी आणि समितीने ती संकेतस्थळावर लोकांसाठी ठेवावी. शंभर हा आकडा माझा आहे, त्यावर वाद व्हावा. मंजुरी नको, फक्त दप्तर हवे. कापसाचे दोन उलटे संदेश त्या दप्तरात शेजारी शेजारी दिसले की उरलेले काम विरोधी उमेदवार आणि स्थानिक पत्रकार करतील. आज फेसबुकच्या जाहिरात-संग्रहात पैसे कुणी दिले आणि साधारण किती खर्च झाला हे दिसते, आणि ते पाहिले पाहिजे. पण भारतात त्यात ठिकाण राज्यापर्यंतच कळते, तालुक्यापर्यंत नाही, आणि व्हॉट्सॲपवरच्या संदेशांना असा संग्रहच नाही. नियम फार कडक केले तर काय होते याचेही भान हवे. युरोपीय संघाचा राजकीय जाहिरातींचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून लागू होताना मेटा आणि गूगल यांनी तिथे राजकीय जाहिराती घेणेच बंद केले. लहान पक्षांना त्याचा फटका बसतो.

दुसरे काम नमुना 20 चे. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मिसळून मोजण्याची सोय होती. मतदान यंत्र आल्यावर केंद्रनिहाय मत उघडे पडले. आयोगाने 2008 मध्ये ‘टोटलायझर’ सुचवला, ज्याने चौदा यंत्रांची मते एकत्र मोजता येतात. विधी आयोगाने मार्च 2015 च्या 255 व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने त्याला विरोध केला आणि विषय तिथेच राहिला. विरोधात एक खरा मुद्दा आहे: केंद्रनिहाय आकडे असले की गडबड पकडता येते. म्हणून माझे म्हणणे असे की मोजणीच्या प्रतिनिधींना आणि न्यायालयाला केंद्रनिहाय आकडा मिळावा, जाहीर तक्ता मात्र चौदा केंद्रांचा एकत्रित असावा. तिसरे काम माहिती-संरक्षणाचे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. शिवाय कायद्यानेच सार्वजनिक करावी लागणारी माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, म्हणजे मतदार यादी बाहेर. मोबाइल क्रमांक मात्र आत येतो. पतपेढीला कर्जासाठी दिलेला क्रमांक प्रचाराला वापरला गेला, तर त्या संस्थेला जाब विचारता येईल, आणि हा हक्क पक्षांना सवलत देऊन पोकळ होऊ देता कामा नये. एक गोष्ट विसरली जाते: नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. केंद्रीय आयोगाच्या सूचना तिथे आपोआप लागू होत नाहीत. सर्वांत लहान फरकाने निकाल लागतो अशा निवडणुकीतच नियमांची वीण सर्वांत सैल राहू नये.

उरला मतदार. त्याला मी आवाज ओळखण्याचे धडे देणार नाही. श्वास ऐकू येत नाही, स्वर सपाट आहे, असल्या खुणा दर सहा महिन्यांनी निकामी होतात. त्याऐवजी संदेशाकडे पत्रक म्हणून पाहावे. हे प्रथम कुणी, कोणत्या खात्यावर, कधी टाकले? नाव सांगायला कुणी तयार आहे का? फितीचा आगापिछा आहे की मधलेच अर्धे मिनिट? ज्याच्याविषयी आहे त्याचे उत्तर आले का? प्रचार संपल्यानंतरच्या 48 तासांत आलेल्या कोणत्याही खळबळजनक फितीला आपल्या मतात शून्य वजन द्यावे, ती खरी असली तरी. हे कठोर वाटेल, कारण कधी तरी खरी गोष्ट उशिरा कळेल आणि वाया जाईल. पण तोटा दोन्हीकडे मोजा. खऱ्या गोष्टीचा पाठपुरावा मतदानानंतरही पोलीस, न्यायालय, वर्तमानपत्र करू शकतात. खोट्यावर दिलेले मत पाच वर्षे परत घेता येत नाही. आणि मतदानाची तारीख, केंद्र, उमेदवाराची माघार याविषयीचा कोणताही संदेश फोनवरून खरा मानू नये. 1950 क्रमांकावर किंवा यादीवरून खात्री करावी. संशयास्पद संदेश पुसून टाकू नये. पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ दिसेल असे पडद्याचे चित्र घेऊन निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे द्यावे, कारण संदेश पुसला की पुरावाही पुसला जातो.

कायदा बदलायला वेळ लागेल. त्याआधीच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारात येईलच. रस्ता आणि पाणी यांच्याबरोबर त्याला आणखी एक प्रश्न विचारा: आमच्या केंद्रातल्या लोकांच्या फोनवर तुम्ही आणि तुमच्या माणसांनी जे जे पाठवले, ते सगळे एका जागी, तुमच्या नावाने, आम्हाला कुठे वाचायला मिळेल? जो जागा सांगेल त्याच्याशी पुढे बोला.